चोवीस कप्प्यांतला एक

*ताई, मी इंदूरला ई-रिक्षा चालवतो. अन्नपूर्णा, राजवाडा, सरवटे असा रोजचा फेरा. सकाळी सात ते दुपारी दोन मी, मग चार ते साडेनऊ मुलगा. अकरा महिन्यांपूर्वी चार बॅटऱ्यांचा नवा सेट टाकला. जुना परत देऊन वर ३६ हजार मोजले. तेव्हा एका चार्जिंगमध्ये ८० किलोमीटर आरामात व्हायचे. दिवाळीनंतर कमी होत गेले, आता ५० झाले की गाडी दम टाकते आणि मुलगा आठलाच घरी येतो. माझं म्हणणं, तो झटके देऊन चालवतो म्हणून सेट बसला. यावरून घरात रोज वाद. एक मिस्त्री म्हणतो ॲसिड घाला, दुसरा म्हणतो एक बॅटरी बदला, दुकानदार म्हणतो पूर्ण सेट बदला, मुलगा म्हणतो लिथियम घ्या. मी तर बॅटरी नेहमी पूर्ण उतरवूनच चार्जिंगला लावतो, मधेच कधी लावत नाही, पाणीही वेळेवर घालतो. मग चुकलं कुठे, आणि आता पैसे कशात घालू?*

*— एक वाचक, इंदूर*

भाऊ, तुमचं पत्र आलं त्याच दिवशी उत्तर लिहायला बसले होते. पण मग वाटलं, बॅटरी न बघता बॅटरीबद्दल बोलणारे चार जण तुम्हाला आधीच भेटलेत, पाचवी मी कशाला? म्हणून फोन करून तुम्हाला थोडं काम लावलं. तुम्ही आणि तुमच्या मुलाने मिळून ते केलंत आणि आकडे लिहून पाठवलेत, त्यामुळे आता अंदाजाने बोलायची गरज उरली नाही. वाचणाऱ्या इतरांनाही हे घरी करता येईल, म्हणून सगळं सविस्तर लिहिते.

पहिलं माप रात्रभर चार्ज झाल्यावर, गाडी तीन तास नुसती उभी ठेवून घेतलं. चार्जरवरून काढल्या काढल्या व्होल्टेज फुगलेलं असतं, ते खाली बसायला वेळ द्यावा लागतो. मल्टिमीटरने चारही बॅटऱ्या वेगवेगळ्या मोजल्या : १२.६, १२.६, १२.४, १२.६. तुम्ही फोनवर म्हणालात, "चारही ठीक आहेत ना ताई, एवढ्याशा फरकाने काय होतं?" बहुतेक मिस्त्रीही इथेच थांबतात. उभ्या गाडीत बॅटरीवर काही ओझंच नसतं, आणि ओझं नसताना कमजोर बॅटरीही चांगली दिसते.

म्हणून दुसरं माप चालत्या गाडीत. ४५ किलोमीटर झाल्यावर तुम्ही हँडलवर, मागे तीन सवाऱ्यांएवढं वजन, मुलगा सीटची फळी काढून मीटर धरून बसलेला, आणि गाडी शास्त्री पुलाच्या चढावर. आकडे आले ११.७, ११.६, ९.१, ११.७. सकाळी ०.२ व्होल्टने मागे असलेली तिसरी बॅटरी आता अडीच व्होल्टने मागे होती.

तिसरं माप हायड्रोमीटरचं, म्हणजे काचेच्या नळीत ॲसिड ओढून त्याची ग्रॅव्हिटी, म्हणजे ते पाण्याच्या मानाने किती जड, ते बघायचं. आकडा जेवढा खाली, तेवढा कप्पा कमी भरलेला. प्रत्येक बॅटरीला सहा झाकणं, म्हणजे आत सहा कप्पे, चार बॅटऱ्यांचे चोवीस. बाकीच्या तीन बॅटऱ्यांचे सगळे कप्पे १२५५ ते १२६५ मध्ये आले. तिसरीचे आले १२४५, १२४०, १२५०, ११६०, १२४०, १२४५. चौथ्या झाकणापाशी बोट ठेवा, भाऊ. तुमचे ३० किलोमीटर तिथे गेलेत.

आता हे कसं, ते नीट बघू. चोवीस कप्पे एकाला एक जोडून एका ओळीत असतात, आणि मोटरला जाणारा करंट त्या सगळ्यांतून एकसारखा जातो. कुणाला जास्त, कुणाला कमी असं होत नाही. तुमच्या घरात एकाला भूक कमी असली तर दुसरा चार पोळ्या जास्त खातो, इथे तशी सोय नाही. जो कप्पा सगळ्यांत आधी रिकामा होतो, तो रिकामा झाल्यावरही बाकीचे तेवीस त्याच्यातून करंट ढकलतच राहतात. मग तो वीज देण्याऐवजी खायला लागतो, त्याचं अधिक-उणं उलटं होतं. हा माझा तर्क नाही, तुमच्याच आकड्यांत आहे. चढावर चांगल्या बॅटरीने ११.७ दाखवले, म्हणजे एका कप्प्याचे साधारण १.९५ व्होल्ट. तिसऱ्या बॅटरीत चौथा कप्पा सोडून पाच कप्पे उरतात, त्यांचे मिळून पावणेदहाच्या आसपास व्हायला हवेत. प्रत्यक्षात ९.१ आले. म्हणजे चौथा कप्पा शून्यावर नाही, शून्याच्याही खाली गेलाय. इतरांनी दिलेल्यातलं अर्ध्या व्होल्टहून जास्त तो एकटा गिळतोय आणि त्याची आत उष्णता करतोय. रोज संध्याकाळी हे थोडं थोडं होत असलं, तर दिवाळीनंतर मायलेज घसरतच का गेलं, ते वेगळं सांगायला नको.

आणि गाडीने तुम्हाला आधी का सांगितलं नाही? कारण मोटरला वीज सोडणाऱ्या कंट्रोलरला फक्त चारांची बेरीज दिसते. ११.७, ११.६, ९.१, ११.७ यांची बेरीज ४४.१. बहुतेक कंट्रोलर साधारण ४२ च्या खाली गाडी थांबवतात, तेव्हा त्याच्या लेखी सगळं ठीक होतं. चार्जरचंही तसंच. तो चारांना मिळून चार्ज करतो, त्यातला एक कप्पा उपाशी आहे की नाही हे त्याला कळायचा मार्ग नाही. डॅशबोर्डवरच्या दांड्याही बेरजेवरच चालतात. म्हणून "सेट बसला" हा शब्द मला तुमच्या पत्रात खटकला. सेट एकदम बसत नाही. चोवीसांतला एक बसतो आणि बाकीच्यांना घेऊन बसतो.

तोच कप्पा का, हे मी तुम्हाला फोनवर विचारलं तेव्हा तुम्ही थोडा वेळ गप्प होतात. मग म्हणालात, "ताई, ते झाकण सीटच्या लोखंडी पट्टीखाली येतं. हात जात नाही. नळी आत घालून अंदाजाने पाणी सोडतो." झालं. बाकी तेवीस कप्प्यांत तुम्ही पाणी बघून घालत होतात, त्या एकात न बघता. त्यात कधी पाणी गेलं असेल, कधी बाहेर सांडलं असेल. पाणी कमी झालं की कप्प्यातल्या शिशाच्या प्लेटचा वरचा भाग उघडा पडतो, कोरडा होतो, आणि कोरडा झालेला भाग कामातून जातो. नंतर पाणी भरलं तरी तो पूर्ववत होत नाही.

इथे बॅटरी म्हातारी कशी होते ते थोडं सांगायला हवं, कारण तुमच्या उरलेल्या तीन बॅटऱ्यांचं पुढचं आयुष्य त्यावर आहे. बॅटरी उतरते तेव्हा प्लेटवर लेड सल्फेटचा थर बसतो. चार्ज होताना तो विरघळून परत शिसं आणि ॲसिड होतं. हा थर ताजा असताना बारीक, पिठासारखा असतो आणि सहज परत फिरतो. पण बॅटरी उतरलेल्या अवस्थेत पडून राहिली, तर पिठाचे खडे होतात. साखरेचा ओला डबा झाकण न लावता ठेवला की तळाशी ढेकळं धरतात ना, तसं. ही ढेकळं चार्जरने फुटत नाहीत. जेवढ्या प्लेटवर ती बसली, तेवढी प्लेट तुमच्या कामाची उरली नाही. ॲसिडचा काही भागही त्यात अडकून बसतो, म्हणून ग्रॅव्हिटी खाली येते. तुमच्या बाकीच्या बॅटऱ्यांची ग्रॅव्हिटी पूर्ण चार्ज झाल्यावर १२८० च्या आसपास हवी होती, ती १२६० आली. उन्हाळ्यात ॲसिड गरम असलं की माप थोडं कमी दिसतं, ते सोडलं तरी त्यांच्यावरही ढेकळं धरायला सुरुवात झाली आहे.

दुसरं म्हातारपण टाळता येत नाही. रोजच्या चढउतारात प्लेटवरचा मसाला मऊ पडून थोडा थोडा झडतो आणि तळाशी गाळ होऊन बसतो, आतली शिशाची जाळी हळूहळू गंजते. हे होणारच. पण उष्णतेने ते फार वेगाने होतं. साधारण दहा अंश तापमान वाढलं की बॅटरीचं आयुष्य जवळपास निम्मं होतं, असा आमच्या धंद्यातला जुना हिशोब आहे. इंदूरच्या मे महिन्यात, बंद सीटखाली, याचा अर्थ काय ते तुम्ही जाणता.

आता तुमच्या त्या एका वाक्याकडे येते, कारण ते तुम्ही अभिमानाने लिहिलंय आणि मला ते हळूच काढून घ्यायचंय. "पूर्ण उतरवूनच चार्जिंगला लावतो." ही समजूत माझ्या वडिलांच्या पिढीपासून चालत आलेली आहे. जुन्या निकेल-कॅडमियम सेलना अर्धवट चार्जिंगची सवय लागायची, त्या वेळची ती गोष्ट. तुमच्या शिशाच्या बॅटरीला अशी सवय लागत नाही. तिला त्रास होतो तो खोल उतरण्याचा आणि उतरलेलं पडून राहण्याचा. रोज तळाला नेण्याऐवजी निम्म्यावरून वर आणली, तर तीच बॅटरी दीडपट ते दुप्पट वेळा चार्ज-डिस्चार्ज सोसते. तुम्ही दुपारी दोनला घरी येता, मुलगा चारला निघतो. ते दोन तास गाडी अर्धी उतरलेली उभी असते, आणि तुमच्या समजुतीपायी तुम्ही तिला हात लावत नाही. १५ अँपियरच्या तुमच्या चार्जरने दीड तासात वीस-बावीस अँपियर-तास आत जातील. त्या जोरावर मुलगा संध्याकाळी तळाला न जाता परत येईल.

अट एकच. उन्हातून आलेली गाडी लगेच चार्जरला लावू नका. सावलीत उभी करा, सीट उघडी टाका, अर्धा तास निवू द्या, तोवर तुमचं जेवणही होईल. बाहेर ४२ अंश असताना पत्र्याखाली चार्ज करायची वेळ आली, तर त्या दिवशी दुपारचं चार्जिंग सोडून दिलेलं बरं.

रात्रीचं गणितही बघू. तुम्ही सांगितलंत, मुलगा येतो, जेवणं होतात, आणि साधारण अकराला गाडी चार्जरला लागते. पहाटे सहाला दिवा लालच असतो, तसाच काढून निघावं लागतं. आठ वाजता रिकामी झालेली बॅटरी अकरापर्यंत तशीच, म्हणजे ढेकळं धरायला रोज तीन तास. वर सात तासांत चार्जिंग पुरं होत नाही. उतरलेल्या ८० अँपियर-तासांना आत साधारण ९५ घालावे लागतात, कारण काही वाया जातात. सुरुवातीला १५ ने जातात, पण शेवटच्या टप्प्यात बॅटरी स्वतःच कमी कमी घेते. तो शेवटचा टप्पा दोन-तीन तासांचा असतो आणि ढेकळं रोखण्याचं खरं काम तिथेच होतं. तुम्ही नेमका तोच रोज कापत होतात. यापुढे गाडी घरी आली, अर्ध्या तासाने चार्जरला. जेवण मागून. दुपारचं थोडं चार्जिंग झालेलं असेल तर सहाच्या आधी दिवा हिरवा झालेला दिसेल.

मुलाबद्दल. जोरात पिळून गाडी उचलली की करंट क्षणभर सरळ चालीच्या दुप्पट-तिप्पट जातो, त्याने मायलेज थोडं कमी होतं आणि कमजोर कप्प्याला जास्त मार बसतो, हे खरं. त्याला हळू उचलायला सांगा. पण ८० चे ५० त्याच्या हाताने झालेले नाहीत. पट्टीखालचं झाकण तुमच्याही हाताला लागत नव्हतं आणि त्याच्याही. रात्री उशिरा चार्जिंग ही घराची सवय होती, आणि दुपारी न लावणं ही तुमची शिकवण. मीटर धरून चढावर आकडे टिपणारा तोच मुलगा आहे. त्याला हे उत्तर वाचायला द्या, नाहीतर तुम्हीच वाचून दाखवा.

आता पैशांचं. पहिल्या आठवड्यात नवीन काही घेऊ नका. आधी वॉरंटीचं कार्ड शोधा. अकरा महिने झालेत, कंपनी-कंपनीनुसार मुदत वेगळी असते, एखादा महिना शिल्लक असेल तर तो हातचा घालवू नका. दुकानात जाताना "मायलेज देत नाही" एवढंच सांगू नका, तिसऱ्या बॅटरीचे सहाही आकडे आणि चढावरचे ९.१ लिहून न्या. आणि त्याआधी कुणालाही त्यात ॲसिड घालू देऊ नका. बॅटरीतून उडतं ते फक्त पाणी, ॲसिड आतच राहतं. वरून ॲसिड घातलं की ग्रॅव्हिटीचा आकडा सुधारलेला दिसतो, पण ढेकळं तिथेच राहतात आणि जास्त तेज ॲसिडने प्लेटा अजून लवकर खलास होतात. वॉरंटीचा दावाही बहुधा तिथेच संपतो. ॲसिड घाला म्हणणाऱ्या मिस्त्रीला नमस्कार करून निघा.

वॉरंटी नसली तर तिसरी बॅटरी सोडवून एखाद्या बॅटरीवाल्याकडे द्या आणि सांगा, एकटी, १२ व्होल्टच्या चार्जरवर, ५ अँपियरने, एक दिवस-रात्र. आधी सगळ्या कप्प्यांत डिस्टिल्ड वॉटर प्लेटा बुडतील एवढंच, चार्ज झाल्यावर खुणेपर्यंत. संपता संपता दर तासाला चौथ्या कप्प्याची ग्रॅव्हिटी बघायची. ती चढत चढत १२२० च्या वर गेली, तर कप्पा उपाशी होता, मेला नव्हता. बॅटरी परत लावा आणि आठ दिवस चालवून बघा. इतर कप्पे उकळ्या फोडतायत आणि चौथा ११७०-८० लाच अडलाय, तर ती बॅटरी गेली असं धरा. या सगळ्याला चार्जिंगचे किरकोळ पैसे लागतील, पण मग पुढचा निर्णय अंदाजाने घ्यावा लागणार नाही.

ती गेलीच असेल तर नवी कोरी एक बॅटरी आणून तीन जुन्यांत बसवायची का? इथे मी दुसऱ्या मिस्त्रीशी अर्धीच सहमत आहे. सेट तीन-चार महिन्यांचा असता तर लगेच हो म्हटलं असतं. अकरा महिन्यांच्या सेटमध्ये नवी बॅटरी टाकली, तर मायलेज वाढेल, पण नव्या बॅटरीएवढं नाही. आता ओळीतली जी सगळ्यांत कमजोर जुनी, तिच्याएवढं. माझ्या अंदाजाने ६५ च्या आसपास. काही महिन्यांनी त्या तिघींपैकी एक जाईल, तुम्ही परत एक नवी आणाल, आणि असं करत करत कायम मिसळीचा सेट वापराल. तुमच्यासाठी मला बरा वाटतो तो मधला मार्ग : त्याच कंपनीची, तेवढ्याच क्षमतेची, साधारण वर्षभर चाललेली पण तपासलेली जुनी बॅटरी. ज्यांचा सेट एका बॅटरीमुळे मोडला, त्यांच्या उरलेल्या तीन चांगल्या बॅटऱ्या दुकानांत पडलेल्या असतात. घेताना तीच परीक्षा घ्या, सहा कप्प्यांची ग्रॅव्हिटी एकमेकांच्या पंधरा-वीस अंकांच्या आत हवी, आणि ओझ्याखाली व्होल्टेज तुमच्या तिघींच्या जवळ. असा सेट तुम्हाला पावसाळा काढून देईल आणि तेवढ्या वेळात पुढच्या सेटसाठी पैसे बाजूला पडतील.

बाजूला किती पडायला हवेत, याचा एक हिशोब करून दाखवते. अकरा महिने, महिन्याला २६ दिवस, सरासरी ७० किलोमीटर, म्हणजे साधारण २० हजार किलोमीटर. ३६ हजार भागिले २० हजार, किलोमीटरला १ रुपया ८० पैसे. आता वीज. ७० किलोमीटरला मीटरवर पाच-साडेपाच युनिट, सात-आठ रुपयांनी धरले तर ४० रुपये, किलोमीटरला ६० पैशांच्या आत. तुम्ही विजेचं बिल दर महिन्याला बघता आणि बॅटरीचं कधीच बघत नाही, पण बॅटरी विजेच्या तिप्पट महाग पडतेय. गाडी चालली त्या प्रत्येक रात्री १२५ रुपये डब्यात टाकलेत तर अकरा महिन्यांत सेटचे पैसे जमतात. आणि वर सांगितलेल्या सवयींनी सेट सोळा महिने चालला, तर तोच खर्च किलोमीटरला सव्वा रुपयाच्या आसपास येतो.

लिथियमचं तुमच्या मुलाने सुचवलं, ते चुकीचं नाही, आत्ताची वेळ चुकीची आहे. लोह-फॉस्फेटवालं लिथियम वजनाला शिशाच्या निम्म्याहून कमी भरतं, पाणी मागत नाही, खोल उतरणं जास्त सोसतं आणि कित्येक पट वेळा चार्ज होतं. पण पहिला खर्च दुपटीच्या पुढे जातो. तुमचा सध्याचा चार्जर त्याला चालत नाही, त्याचा वेगळा लागतो. आत कप्प्यांवर लक्ष ठेवणारं सर्किट असतं, ते भर रस्त्यात एकदम गाडी बंद करू शकतं, शिशासारखी दम टाकत इशारा देत नाही. उन्हाने तेही म्हातारं होतं, आणि सतत पूर्ण भरलेलं गरम जागी ठेवलं तर अजून लवकर. शिशाला जे भावतं, म्हणजे सदा पूर्ण भरलेलं असणं, ते याला सोसत नाही. त्यामुळे सवयीही नव्याने शिकाव्या लागतील. तीन वर्षांची लेखी वॉरंटी, गावातच सर्व्हिस आणि बँकेच्या दराने कर्ज, हे तिन्ही मिळालं तर पुढच्या सेटच्या वेळी जरूर विचार करा. कुणी जुने सेल जोडून घरगुती पॅक स्वस्तात देतो म्हणाला तर घेऊ नका. त्याला आग लागली तर ती तुमच्या अंगणात लागेल.

काही किरकोळ पण आधी बघण्यासारखं राहिलं. मागची चाकं उचलून हाताने फिरवून बघा, ब्रेक घासत असेल आणि टायरमध्ये हवा कमी असेल तर चांगली बॅटरीही पाच-दहा किलोमीटर कमी देते. बॅटरीच्या टोकांवर पांढरी-हिरवी भुकटी जमली असेल तर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन, कोरडी करून, वरून व्हॅसलीन लावा. हे सगळं करताना घड्याळ, अंगठी, कडं काढून ठेवा. पाना दोन टोकांवर पडला तर वितळेल एवढा करंट तिथे असतो. डोळ्यांवर चष्मा असू द्या. चार्जिंग होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो, तेव्हा ती गाडी देवघराच्या दिव्यापासून आणि विडीपासून लांब, हवेशीर जागी उभी असू द्या.

आणि ती लोखंडी पट्टी. सेटचं काहीही ठरो, याच आठवड्यात वेल्डरकडे जाऊन ती कापून घ्या, किंवा नटबोल्टची करून घ्या, म्हणजे काढता येईल. आधी चारही बॅटऱ्या उतरवून ठेवा, बॅटरीजवळ वेल्डिंग अजिबात नको. मग मुलाला चोवीस झाकणांवर रंगाने आकडे घालायला सांगा, आणि वहीत दर रविवारी चोवीस ग्रॅव्हिटी, चार व्होल्टेज आणि त्या आठवड्याचे किलोमीटर. एखादा कप्पा इतरांपासून पंचवीस-तीस अंकांनी मागे पडायला लागला की तुम्हाला गाडीने सांगायच्या कितीतरी आधी कळेल. तिसऱ्या बॅटरीचं एकटीचं चार्जिंग झालं की चौथ्या कप्प्याचा आकडा मला कळवा. त्यावरून जुनी बॅटरी शोधायची की नाही ते ठरवू.